लग्नाला चार महिने झाले, पती अजून मोकळे होत नाहीत : हा संकोच म्हणायचा की नावड?

संध्यावेळ

आमचे लग्न ठरवून झाले आहे. पहिली भेट दोन्ही घरच्या मंडळींसमोर झाली, दुसरी आम्हा दोघांचीच, तासाभराची. त्यानंतरचे सहा आठवडे आम्ही बहुतेक संदेशांतूनच बोललो, आणि त्या संदेशांत ते मला चांगले मोकळे, क्वचित मिस्कीलही वाटले होते. लग्नाला आता चार महिने झाले आहेत आणि समोरासमोर मात्र दिवसभरात आमची मोजून दहा-बारा वाक्ये होतात. मी काही विचारले तर ते उत्तर देतात, पण ते उत्तर तिथेच संपते. बोलताना त्यांची नजर माझ्याकडे नसते. शारीरिक जवळीक जवळजवळ नाहीच, आणि त्याबद्दल आम्ही कधी बोललोही नाही.

मला सर्वांत जास्त लागणारी गोष्ट वेगळीच आहे. आठवड्यातून दोनदा तरी त्यांचा जुना मित्र फोन करतो आणि ते अर्धा तास मनापासून हसत बोलतात. ते हसणे भिंतीपलीकडून ऐकू येते तेव्हा वाटते की यांना बोलता येत नाही असे नाही, माझ्याशीच बोलायचे नाही. गेले दोन आठवडे मी रोज रात्री दिवा मालवल्यावर विचारते, "माझ्यावर नाराज आहात का?" उत्तर "नाही" एवढेच येते आणि ते कूस बदलतात.

एक बारीकशी गोष्टही सांगते. ते मला अजून ना "तू" म्हणतात, ना "तुम्ही". "निघायचं का?", "झालं का?", "दिवा राहू दे का?" अशी वाक्ये करतात, ज्यांत मला काय म्हणायचे हा प्रश्नच येऊ नये. हा संकोच आहे की मी त्यांना आवडलेलीच नाही, हे कशावरून ओळखावे?

आबा_लेखणी

मुली, माझ्या मते तू फार लवकर घाबरलीस. माणसे पाहून जुळलेल्या संसारात पहिले वर्ष एकमेकांची चाहूल घेण्यातच जाते. स्वभावाला औषध नसते, पण काळ ते काम करतो. काही न विचारता वर्षभर थांब, सगळे आपोआप सुरळीत होईल.

मीनल_के

तुमच्या सासरच्या मंडळींनी तुम्हाला नीट वागवायला हवे, हे खरेच आहे. माझा सल्ला असा की दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना एकदा समोर बसवा आणि त्यांच्यादेखत पतीला सगळे स्पष्ट बोलायला लावा.

संध्यावेळ

मीनलताई, सासरच्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आम्ही दोघेच राहतो. प्रश्न फक्त आम्हा दोघांमधल्या अबोल्याचा आहे.

सहृदय_६१

मी एकोणीस वर्षे विवाह समुपदेशनाचे काम करते आहे. अशी जोडपी मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यात जशी संकोचाची होती तशी नावडीचीही. तुमच्या लिहिण्यातल्या ज्या गोष्टीने तुम्हाला सर्वांत जास्त दुखावले आहे, नेमकी तीच या प्रश्नाचे उत्तर द्यायला सर्वांत निरुपयोगी आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

जुन्या मित्राशी माणूस मोकळेपणाने हसतो, यातून काहीही सिद्ध होत नाही. लाजाळू माणसेही जुन्या मित्रांशी भरभरून बोलतात. संकोच हा अंगाला कायमचा चिकटलेला गुण नसतो. समोरचा नवा असेल, आणि त्याचे आपल्याविषयीचे मत आपल्याला फार महत्त्वाचे वाटत असेल, तेव्हा तो डोके वर काढतो. नव्या पत्नीत या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, त्यामुळे लाजाळू पुरुषाचा घसा सगळ्यांत जास्त तिच्याच समोर कोरडा पडतो. म्हणून तुलना जुन्या मित्राशी करू नका, इतर नव्या माणसांशी करा. कार्यालयात नुकताच रुजू झालेला सहकारी, शेजारी नव्याने आलेले कुटुंब, तुमचा भाऊ किंवा तुमच्या मैत्रिणीचे यजमान, यांच्याशी ते कसे बोलतात? तिथेही ते असेच अडखळत असतील, तर हा बहुधा स्वभाव आहे. नव्या माणसांत ते सहज मिसळत असतील आणि फक्त तुमच्याजवळ आले की आटत असतील, तर मात्र मला काळजी वाटेल.

दुसरे असे की, अर्धवट राहिलेल्या बोलण्याचे पुढे काय होते, याकडे लक्ष द्या. लाजाळू माणसाला उत्तर सुचते, पण उशिरा. तो तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी, आडवळणाने किंवा लिहून त्या विषयाकडे परत येतो, कारण तो विषय त्याच्या मनात घोळत राहिलेला असतो. ज्याला बोलायचेच नसते, त्याच्या लेखी विषय तिथेच मिटलेला असतो. तुम्ही लिहिले आहे की लग्नाआधी संदेशांत ते मोकळे होते. तसे संदेश आता येतात का?

आणि तो रात्रीचा प्रश्न कृपया आजपासून थांबवा. "माझ्यावर नाराज आहात का?" या प्रश्नाला "हो" म्हणणे म्हणजे भांडण, "नाही" म्हणणे म्हणजे संवादाचा शेवट, आणि तिसरे उत्तर त्यात नाहीच. एक जण खोदून विचारत राहतो, दुसरा मागे सरतो, मागे सरला म्हणून पहिला आणखी विचारतो. हे चाक एकदा फिरू लागले की, ते मूळ संकोचाने सुरू झाले होते की नावडीने, हे पुढे दोघांनाही सांगता येत नाही.

मीनलताई, वडीलधाऱ्यांसमोर बोलायला लावण्याने लाजाळू माणसासमोरचे परीक्षक एकाचे अनेक होतात. तो त्या दिवशी कदाचित सर्वांना हवे ते बोलेल, पण पुढचे कित्येक आठवडे आणखी मिटून जाईल.

निःशब्द

मी त्या दुसऱ्या बाजूची आहे. लग्नानंतर सुमारे सात महिने मी माझ्या नवऱ्याशी धड बोलू शकत नव्हते, आणि तो मला पहिल्या भेटीपासून आवडला होता. तो घरी येण्याच्या वेळी मी मनात तीन-चार वाक्ये तयार करून ठेवायचे. तो समोर आला की ती वाक्ये इतकी क्षुल्लक वाटायची की मी गप्प बसायचे आणि रात्री स्वतःवरच चिडायचे. त्याला वाटे की मला घरच्यांनी बळजबरीने उभे केले आहे.

आमच्यात फरक पडला तो एका अगदी साध्या कारणाने. आमचे कपाट हलवायचे होते आणि ते काम दोन दिवस चालले. हात कामात गुंतलेले आणि नजर कपाटावर, त्यामुळे बोलणे जड वाटेना. समोरासमोर बसून "आता बोल" म्हटले की माझे सगळे शब्द पळून जात, पण शेजारी शेजारी काही करत असताना ते आपोआप येत. तुमचे यजमान वाईट मनाचे नसतील, तर त्यांच्या समोर बसण्याऐवजी त्यांच्या शेजारून चालून पाहा.

ते "तू" आणि "तुम्ही" टाळतात हे वाचून मला हसू आले आणि डोळेही भरले, कारण मी महिनोन्‌महिने तेच केले आहे. कोणता शब्द वापरण्याइतकी जवळीक आपल्याला मिळाली आहे, हे कळत नसते.

उशिरा_कळले

निःशब्द यांचा अनुभव खरा आहे, पण माझाही लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण वरच्या खुणांवर विसंबून माझ्या पत्नीची फसगत झाली असती, आणि झालीही.

मी गप्प होतो तो लाजेने नव्हे. मी दुसऱ्या कोणात गुंतलो होतो, ते घरी सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि मी होकार दिला. लग्नानंतर मी अतिशय सौजन्याने वागलो. तिची औषधे वेळेवर आणली, तिच्या आईवडिलांची विचारपूस केली, तिला कधी उंच आवाजात बोललो नाही. पहिल्या दिवसापासून मी तिला अगदी सहज "तू" म्हणत असे, कारण त्या शब्दाला माझ्या दृष्टीने काही वजनच नव्हते. ती मैत्रिणींना सांगायची, "स्वभावाने अबोल आहे, पण काळजी फार घेतो." ती काळजी नव्हती, अपराधीपणा होता.

मागे वळून पाहताना मला एकच गोष्ट वेगळी दिसते. माझ्या बोलण्यात पुढचे काही नसे. पुढच्या वर्षी काय करायचे, घर बदलायचे का, कुठे जायचे, असे काहीही तिने काढले की मी म्हणायचो, "तुला हवे तसे ठरव." तिला तो समजूतदारपणा वाटे. दोन वर्षांनी मी खरे सांगितले आणि आम्ही वेगळे झालो. तिची ती दोन वर्षे माझ्यामुळे गेली, आणि तिने मला कधीच थेट विचारले नाही, म्हणून मीही लपून राहू शकलो.

सहृदय_६१

आपण हे लिहिलेत हे फार चांगले झाले. कर्तव्य पार पाडणे आणि आपणहून लक्ष देणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात, हे मी पहिल्या उत्तरात सांगायला हवे होते. औषध आणणे हे कर्तव्यात बसते. तिने सहज बोलून दाखवलेली, कोणी लक्षात ठेवण्याची अपेक्षाही नसलेली गोष्ट आठ दिवसांनी आठवणे, हे त्यात बसत नाही.

आबांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. त्यांतली सुमारे १५ टक्के मुले नव्या माणसांत सावकाश रुळणारी निघाली. त्यांना पुढे ढकलले की ती मागे सरत, पण नव्या गोष्टीपासून दूरच ठेवले तर ती रुळतही नसत. घाई न करता पुन्हा पुन्हा तीच संधी मिळाली की ती खुलत. मोठ्या माणसांतही मला हेच दिसले आहे. नुसता काळ गेल्याने काही होत नाही, दोन खोल्यांत घालवलेले वर्ष फक्त दोन खोल्यांची सवय लावते. म्हणून आज ते किती बोलतात यापेक्षा गेल्या महिन्यापेक्षा काही हलले आहे का, हे पाहा. संकोच सावकाश का होईना पण कमी होत जातो, आणि नावड एक तर तशीच राहते किंवा चिडचिड, टोमणे, घरी उशिरा येणे अशा रूपांत बाहेर पडू लागते.

संध्यावेळ

तुमचे उत्तर वाचल्यावर मी गेला आठवडा लक्ष ठेवले. माझा भाऊ आला होता, त्याच्याशीही ते असेच बोलले, दोन शब्द आणि मग गप्प. शेजारी नवे कुटुंब आले आहे, त्यांच्याकडे जायची वेळ आली तेव्हा ते दारापाशी मिनिटभर थांबूनच राहिले. घरी ते माझ्याशी बोलत नाहीत, पण मी बसले असेन त्याच खोलीत येऊन बसतात, हे मी आजवर लक्षात घेतले नव्हते. प्रखर उजेडाने माझे डोके दुखते असे मी एकदा, बहुधा दुसऱ्या महिन्यात, म्हणाले होते. गुरुवारी पाहिले तर खोलीतला दिवा बदललेला होता, आणि त्याबद्दल ते एक अक्षरही बोलले नाहीत.

मात्र संदेश आता येत नाहीत. एकाच घरात राहून काय लिहायचे, असे वाटून मीच ते बंद केले होते.

स्पष्टवक्ती

मला हे सगळे वाचून अस्वस्थ वाटते आहे. नवऱ्याच्या नकळत त्याची अशी परीक्षा घेणे, त्याच्या प्रत्येक हालचालीची नोंद करणे, ही कसली जवळीक? त्याने उद्या हा धागा वाचला तर त्याला काय वाटेल? दोन प्रौढ माणसे आहेत, एकदा सरळ विचारावे आणि मिळेल त्या उत्तरावर विश्वास ठेवावा.

सहृदय_६१

आपला आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी कोणालाही वहीत नोंदी करायला सांगत नाही. पण जी स्त्री चार महिने भिंतीपलीकडचे हसणे ऐकून स्वतःविरुद्ध पुरावा गोळा करत आली आहे, तिने दुसऱ्या बाजूचेही पाहावे, एवढेच मी म्हटले.

आणखी एक गोष्ट आहे. जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांचे निरीक्षण करून सहा वर्षांनी पुन्हा त्यांची चौकशी केली. एकाने सहज काही म्हणावे, "बाहेर बघ, किती आभाळ आले आहे", आणि दुसऱ्याने त्याकडे लक्ष द्यावे, अशा लहान हाका त्यांनी मोजल्या होत्या. एकत्र राहिलेल्या जोडप्यांनी अशा हाकांना सुमारे ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिला होता, विभक्त झालेल्यांनी सुमारे ३३ टक्के. यात बोलणे सुरू कोणी केले हा मुद्दा नाही, मान वळली का हा आहे. लाजाळू माणूस स्वतः हाक मारणार नाही, पण मारलेल्या हाकेला त्याची मान वळते, मग तो नुसता "हं" का म्हणेना.

थेट विचारण्याबद्दल बोलायचे तर विचारावेच, पण एकदाच, आणि असे की "नाही" म्हणणेही त्यांना शक्य वाटावे. बाहेर चालताना, समोर न बसता, आधी स्वतःबद्दल सांगा: मला तुमच्याजवळ यावेसे वाटते आणि तुमच्या मनात काय आहे ते कळत नाही. मग विचारा की हे लग्न तुम्ही स्वतःच्या इच्छेने केले का, उत्तर काहीही असले तरी मला ते ऐकायचे आहे, आजच दिले पाहिजे असे नाही, आणि लिहून दिले तरी चालेल. त्यानंतर मात्र खरोखर गप्प राहा. पाठपुरावा केला की पुन्हा तो रात्रीचा प्रश्न सुरू होतो.

जवळिकीबद्दलही थोडे सांगते. पुष्कळ पुरुष बोलणेही टाळतात, कारण गप्पा रंगल्या तर पुढे काय अपेक्षिले जाईल आणि आपल्याला ते जमेल का, ही भीती त्यांना असते. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० मध्ये मांडलेल्या उपचारपद्धतीत सुरुवातीला संबंधांवर चक्क बंदीच घातलेली असते, आणि फक्त स्पर्श, तोही काही साधण्याचा हेतू न ठेवता केलेला. परीक्षाच नाही म्हटल्यावर माणूस जवळ येऊ शकतो. "सध्या काही नको, नुसते जवळ बसू" असे दोघांनी ठरवले तरी पुष्कळ ताण उतरतो. मात्र दोघांपैकी एकालाही स्पर्श नकोसा वाटत असेल, तर त्याचे कारण काहीही असो, तिथे थांबायचेच.

वाटेवरचा

माझे उलट आहे. लग्नाला पाच महिने झाले. माझी पत्नी नव्या माणसांत छान मिसळते, शेजाऱ्यांशी, माझ्या मित्रांच्या घरच्यांशी हसून बोलते. मी खोलीत आलो की ती काही ना काही काम काढून बाहेर जाते. मी लिहिलेल्या संदेशांनाही एका शब्दाचे उत्तर येते. पहिल्या महिन्यात ती थोडे तरी बोलत होती, आता तेही नाही. सर्व जण म्हणतात की मुली लाजतात. वरचे वाचून मला भीती वाटते आहे.

सहृदय_६१

आपण सांगितलेल्या चारही गोष्टी संकोचाच्या वाटत नाहीत. पण यावरून ती आपला तिरस्कार करते असेही मी म्हणणार नाही. भीती, लग्नापूर्वीचा एखादा वाईट अनुभव, मनाविरुद्ध दिलेला होकार, नैराश्य, यांपैकी काहीही असू शकते, आणि एक तर आपल्याच एखाद्या बोलण्याने झालेली जखमही असू शकते. पहिल्या महिन्यानंतर ती आक्रसली असेल, तर त्या सुमारास काय घडले हे आठवून पाहा. विचारताना मला तुझे मन वळवायचे नाही, समजून घ्यायचे आहे, हे तिला आधी सांगा, आणि ती जे सांगेल ते तिच्या परवानगीशिवाय कोणत्याही घरी पोहोचू देऊ नका.

वाटेवरचा

विचारले. ती बराच वेळ रडली आणि म्हणाली की मला सांगायचे आहे, पण आज नाही. मी बरे म्हणालो. आठ दिवस झाले आहेत, मी पुन्हा विचारलेले नाही. किती दिवस न विचारता राहावे, हे मला कळत नाही.

उशिरा_कळले

दादा, मी त्या जागी होतो म्हणून सांगतो. तुम्ही "बरे" म्हणालात आणि ते पाळलेत, त्यामुळे सांगण्याची शक्यता वाढते. पण एखादी ठरावीक वेळ तुम्ही दोघांनी मिळून ठरवा, नाही तर न सांगण्याची सवय होते. मला झाली होती.

स्पष्टवक्ती

मला हे पटत नाही. रडणाऱ्या माणसाला तारीख देऊ नये. तिने एखाद्या समुपदेशकाशी एकटीने बोलावे, नवऱ्याशी बोलण्याआधी.

संध्यावेळ

पाच आठवड्यांनी लिहिते आहे.

रात्रीचा प्रश्न मी त्याच दिवशी सोडला. संध्याकाळी आम्ही चालायला जाऊ लागलो, तेही मीच "निघायचं का?" असे त्यांच्याच पद्धतीने विचारून. पहिले सात-आठ दिवस कोणीच बोलले नाही. नंतर ते रस्त्यातल्या गोष्टींबद्दल बोलू लागले, मग त्यांच्या कामाबद्दल. तिसऱ्या आठवड्यात, सहृदयताईंनी सांगितले होते तसे, मी विचारले. ते काहीच बोलले नाहीत आणि चालण्याचा वेग वाढला. ती रात्र मी जागून काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयातून त्यांचा संदेश आला. लग्न त्यांनी स्वतःच्या इच्छेने केले होते. दुसऱ्या भेटीत मी एका गोष्टीवर त्यांचे म्हणणे खोडून काढले होते, ते त्यांना फार आवडले होते, आणि तेव्हापासून माझ्यासमोर काही चुकीचे बोलले जाईल ही धास्ती होती. जवळ येण्याबद्दल त्यांनी एकच ओळ लिहिली होती की भीती वाटते, आणि ती कशाची हे नंतर सांगेन. ते अजून सांगितलेले नाही आणि मी विचारलेले नाही. मित्राशी हसतात तसे ते माझ्याशी अजूनही हसत नाहीत, आणि त्या मित्राचा फोन आला की मला आत कुठेतरी अजून दुखते.

संदेशाच्या शेवटी त्यांनी लिहिले होते, "तुला रात्री झोप लागली नाही, ते मला कळत होतं." तो "तुला" मी कितीतरी वेळा वाचला. समोर मात्र अजून "निघायचं का?" असेच चालले आहे.